आठ, पाच आणि तीस अंशाचे दोन त्रिकोण

आमच्या शाळेत त्रिकोण काढायला बंदी नाही. फक्त तो सरांनी फळ्यावर काढायचा आणि पोरांनी वहीत उतरवायचा. पोरांनी स्वतः माप घेऊन, स्वतःच्या हाताने त्रिकोण काढला की त्याला आमच्याकडे टाईमपास म्हणतात. हे मला कोणी लपवून सांगितलं नाही. स्टाफरूममध्ये चहाच्या कपासोबत, अगदी आपुलकीने सांगितलं.

मी मेडशीकडच्या एका हायस्कूलमध्ये गणिताची शिक्षिका आहे. आठवीच्या दोन तुकड्या आहेत. 'अ' माझ्याकडे होती, 'ब' आमच्या ज्येष्ठ सरांकडे. सर रिसोडहून मोटारसायकलवर येतात, शर्टाच्या खिशात दोन पेन, एक निळा, एक लाल. गावातल्या निम्म्या बापांना त्यांनी शिकवलंय आणि आता त्यांच्या पोरांना शिकवताहेत, त्याच वहीतून. दोन्ही तुकड्यांच्या मध्ये पत्र्याची भिंत आहे, त्यामुळे सरांचा तास मला फुकटात ऐकायला मिळायचा.

त्रिकोणांची एकरूपता हा धडा सरांनी सुरू केला तेव्हा पलीकडून आरोळी आली, "बाबाबा!" मागून पूर्ण वर्ग, "बाबाबा!" मग "बाकोबा!", "कोबाको!" बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन. नव्या माणसाला वाटावं शेजारी काकडा चाललाय. दुसऱ्या दिवशी सर थेट पक्ष, साध्य, सिद्धता यावर आले. डावीकडे विधान, उजवीकडे कारण. पोरं माना खाली घालून उतरवत होती. त्रिकोण म्हणून कोणाच्या हातात काही आलंच नव्हतं, आणि तो एकरूप असल्याची सिद्धता मात्र तयार होती. नवरा नाही, नवरी नाही, आणि वरात दारात.

मधल्या सुट्टीत मी 'ब' मधल्या एका मुलाला व्हरांड्यात धरलं. "बाकोबा म्हणजे काय रे?"

"दोन बाजू आन मधातला कोन, मॅडम."

"कोन मधातलाच काहून पाह्यजे?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, बाकोबामदे को मधातच असते ना. इकून बा, तिकून बा."

एवढं स्वच्छ उत्तर मला बीएडलाही कोणी दिलं नव्हतं. बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. जे पेरलं ते उगवलं.

आता मी फार मोठी क्रांतिकारक आहे असं कोणी समजू नये. मी जे करत होते ते पाठ्यपुस्तकातही लिहिलंय, प्रशिक्षणातही सांगतात. तालुक्याच्या ठिकाणी एकदा आमचं कृतीतून शिक्षण या विषयावर प्रशिक्षण झालं. एका साहेबांनी पडद्यावर अक्षरं दाखवत जेवणापर्यंत भाषण केलं की मुलांना नुसतं ऐकवू नका, करू द्या. आम्ही नुसतं ऐकलं. जेवणानंतर अर्धे शिक्षक डुलक्या घेत होते आणि साहेब म्हणत होते की शिकणारा सक्रिय हवा. तिथून आल्यावर आपापल्या फायलीत प्रमाणपत्र लावलं की कृती संपते.

माझ्या वर्गात कृती सुरू झाली ती लग्नपत्रिकांपासून. जाड कागद विकत आणायची सोय नव्हती. पण आमच्याकडे पत्रिका म्हणजे घरोघरी गठ्ठ्याने. उन्हाळ्यात एकेका घरी वीसवीस लग्नांचं बोलावणं, आणि सगळ्या पत्रिका देवघराच्या फळीवर जमा. मी सांगितलं, जुन्या पत्रिका आणा. दुसऱ्या दिवशी टेबलावर डोंगर.

पहिली अडचण कंपासपेट्यांची निघाली. दुकानात कंपासपेटी मिळते, कंपास मिळत नाही. त्या डब्यातलं जे यंत्र असतं त्याचा सांधा इतका सैल की पाच सेंटिमीटर घेऊन कंस सुरू करावा आणि संपेपर्यंत साडेपाच व्हावा. पोरांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे सांध्यावर गुंडाळले, तेव्हा कुठे कंपास वळणावर आले. सरांच्या वर्गात ही अडचण आलीच नव्हती. तिथे कंपास डब्यातून बाहेरच निघत नसे.

पहिलं काम दिलं: सहा, पाच आणि चार सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण काढा, कापा, टेबलावर आणून एकावर एक ठेवा. जो तो आपला त्रिकोण घेऊन आला. कुठे 'आमचे येथे श्री कृपेकरून' कापलेलं, कुठे नुसतं 'चि.सौ.कां.'. ढीग वर चढत गेला आणि कडा जुळत गेल्या. एक त्रिकोण काही केल्या बसेना. बाजू बरोबर, कोन बरोबर, पण तिरपा. वर्ग ओरडला, "चुकला, चुकला!" तेव्हा खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी उठली, तिने तो तुकडा उचलला, पालथा घातला आणि ठेवला. चपखल बसला.

"पलटवनं चालते का, मॅडम?" तिने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"बाजू तं त्याच रायल्या ना. चालते."

ही मुलगी वस्तीवरून पायी येते. दिवाळीनंतर तिचे आईबाप ऊसतोडीला जातात आणि ती मावशीकडे राहते. वर्गात कधी हात वर करायची नाही, पण कागद हातात आला की तिची जीभ सुटायची. तिच्या त्या एका वाक्यावर मी पूर्ण तास खूश होते.

मग मी दोन, तीन आणि सहा सेंटिमीटर दिलं. वर्ग बराच वेळ कंस काढत बसला. सहाच्या रेघेवर या टोकाकडून दोनचा कंस, त्या टोकाकडून तीनचा, आणि दोघांची भेटच होईना. "मॅडम, कंपास खराब हाय!" "मॅडम, तुमी फसवून राह्यल्या!" अखेर एकाने हिशेब मांडला की दोन आणि तीन मिळून पाचच होतात, सहाला पोचतीलच कसे. ज्याला कंपास नीट धरता येत नव्हता त्याला हे कळलं. पाठ करणाऱ्यांना कळायला वेळ लागला असता, कारण त्यांना असं अडायलाच कोणी दिलं नसतं.

पुढे एकेक करत गेलो. सहा सेंटिमीटर, चार सेंटिमीटर आणि दोघांच्या मधला पन्नास अंशाचा कोन. ढीग जुळला. सहाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांना चाळीस आणि सत्तर अंश. ढीग जुळला. मग फक्त कोन दिले, पन्नास, साठ, सत्तर, बाजू वाटेल ती घ्या. तेव्हा टेबलावर उतरंड झाली, खाली तव्याएवढा त्रिकोण आणि वर सुपारीएवढा. तोंडवळा एक, माप वेगळं. "हे बापलेक हायत," एक पोरगा म्हणाला. मी त्याला म्हटलं, बरोबर, पण एकरूप नाहीत.

एका मुलीने मला अडवलं तेही सांगते. "सारे जुळले ना मॅडम, मंग सिद्धता कायले पाह्यजे?"

हा प्रश्न सरांच्या वर्गात कोणी विचारला नसता, कारण तिथे काही जुळवलंच नव्हतं. मी म्हटलं, आपल्या वर्गातले जुळले. पलीकडच्या शाळेत, पलीकडच्या जिल्ह्यात, कोणी उद्या काढेल तो जुळेलच कशावरून? ते सांगायला सिद्धता लागते. पण काय सिद्ध करायचं हे ढिगाने दाखवलं. ती म्हणाली, "हाव, मंग ठीक हाय." मला सिद्धतेशी वैर नव्हतं. ती तिच्या वेळेला आली तर पोरं तिला दारात ताटकळत ठेवणार नाहीत, एवढंच माझं म्हणणं होतं.

आणि मग मी बाबाको दिलं. दोन बाजू आणि कोन, पण कोन मधला नाही. आठ सेंटिमीटर आणि पाच सेंटिमीटर, आणि तीस अंशाचा कोन पाचच्या समोर. आठची रेघ मारायची, तिच्या एका टोकाला तीस अंशाचा किरण काढायचा, दुसऱ्या टोकावरून पाचचा कंस मारायचा. कंस किरणाला जिथे कापेल तिथे तिसरा बिंदू.

टेबलावर दोन ढीग झाले. एका ढिगात लांबट त्रिकोण, ज्यांची तिसरी बाजू जवळपास दहा. दुसऱ्यात खुजे, तिसरी बाजू चारच्या आसपास. वर्गात भांडण पेटलं. लांबट म्हणत खुज्यांनी चुकीचं मोजलं, खुजे म्हणत लांबटांचे कंपास सैल. मोजून पाहिलं तर दोघांचंही आठ, पाच आणि तीस अंश बरोबर. शेवटी खिडकीजवळच्या मुलीने कंस अर्धवट न सोडता पुरता फिरवला. तो किरणाला दोन ठिकाणी कापून गेला.

"मॅडम, हे तं दोनदा कापते!"

कोणी कोणाला चिडवलं नाही. सगळे आपापले कंस पुरे करू लागले. मग त्यांनीच तीस अंशाच्या जागी काटकोन घेऊन पाहिला, सहाची बाजू आणि समोर दहाचा कर्ण, तर कंसाने किरण एकाच जागी कापला आणि ढीग पुन्हा एक झाला. मी म्हटलं, म्हणूनच काटकोनाची कसोटी वेगळी सांगतात. आणि मधला कोन काहून लागतो, हे मला कोणालाच सांगावं लागलं नाही.

हे सगळं चाललेलं असताना गणपतीची तक्रार आली.

एका पोराने कापताना पत्रिकेवरच्या गणपतीची सोंड उडवली. तो तुकडा दप्तरात घरी गेला, आजोबांनी पाहिला, दुसऱ्या दिवशी आजोबा शाळेत. मी हात जोडून माफी मागितली आणि त्या दिवसापासून नियम केला की आधी गणपती बाजूला काढायचा, मग त्रिकोण. आजोबा समजूतदार होते, चहा पिऊन गेले. पण हेडसरांना आयतं निमित्त सापडलं.

आमचे हेडसर म्हणजे भला माणूस, असं सगळे म्हणतात. आमच्याकडे भला म्हणजे ज्याला कोणाशी वाकडेपणा नको. त्यांना खरं काय यात रस नसतो, सगळे जेवले का यात असतो. त्यांनी मला बोलावलं. सरही तिथे बसले होते.

"मॅडम, पोट्ट्यायच्या हातात कैच्या देऊन राह्यल्या तुमी," हेडसर म्हणाले. "सरायचा धडा संपून आठ दिवस झाले. तुमी अजून कागदं कापून राह्यल्या."

"सरांचा धडा संपला सर. पोरांचा सुरू झाला का ते पाहा."

"आता ह्या वयात शिशुवर्गाचे खेळ काय कामाचे?" सर म्हणाले. लाल पेनाचं टोपण ते उघडत होते, मिटत होते. "भूमिती डोक्यानं करा लागते, मॅडम. चित्र काहाडून काही सिद्ध होत नाई."

यातलं शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं. सरांच्या तोंडून खरं वाक्य निघालं की मला भीती वाटते, कारण त्याचा उपयोग ते खोट्यासाठी करतात.

हेडसरांनी निवाडा केला. घटक चाचणीत एकरूपतेवर प्रश्न येतील, पेपर ज्येष्ठ म्हणून सर काढतील. 'अ' तुकडी 'ब' च्या मागे पडली तर आठवीची भूमिती दोन्हीकडे सरच घेतील, आणि मला पाचवीचा परिसर अभ्यास मिळेल. "कोनाचं मन दुखायले नको, म्हनून चाचनीवर सोडतो," ते म्हणाले. मी हो म्हटलं. माझ्या वर्गावर माझा भरवसा होता. वर्गात जाऊन मी पोरांना स्पष्ट सांगितलं की काय पणाला लागलंय. लपवणं मला जमत नाही. त्यांनी ते मनावर घेतलं. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते, तरी चाचणीच्या आदल्या आठवड्यात वर्ग जवळपास भरलेला होता. काही जण शेतातून सरळ यायचे, कपड्यांवर भुसा तसाच.

चाचणी झाली. चार गुणांचा एक प्रश्न असा होता: दोन त्रिकोणांच्या आकृत्या, दोघांत एक बाजू आठ सेंटिमीटर, एक बाजू पाच सेंटिमीटर, आणि एकेक कोन तीस अंश. हे त्रिकोण कोणत्या कसोटीने एकरूप आहेत? तो तीस अंशाचा कोन पाचच्या बाजूसमोर होता.

योगायोग म्हणावा तर म्हणा. मला वाटतं सरांनी कुठल्यातरी गाईडमधून मापं उचलली आणि आकृतीत कोन चुकीच्या कोपऱ्यात लिहिला. मधल्या कोपऱ्याऐवजी शेजारच्या. आकृत्या दोन्ही एकसारख्या काढल्या होत्या, शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारख्या. उत्तरपत्रिका सरांनीच तपासल्या. 'ब' तुकडीत झाडून सगळ्यांनी लिहिलं, बाकोबा. चारपैकी चार. माझ्या वर्गाने लिहिलं, सांगता येत नाही, एकरूप असतीलच असं नाही. बऱ्याच जणांनी समासात पूर्ण कंस फिरवून दोन त्रिकोण काढून दाखवले होते. लाल पेनाने त्या सगळ्यांवर फुली मारली होती. खिडकीजवळच्या मुलीच्या पेपरवर फुलीच्या बाजूला शेरा होता, 'अनावश्यक आकृती काढू नये'.

त्या चार गुणांमुळे 'अ' मागे पडली.

मी तो पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेले. सरांच्या पुढ्यात ठेवला. "सर, कोन मधला नाही. हे बाकोबा होत नाही."

सरांनी चष्मा लावला, प्रश्न वाचला, चष्मा काढला. मला दिसलं की त्यांना कळलं. अर्धा क्षण त्यांचा चेहरा उघडा पडला. मग त्यांनी तो झाकला.

"आकृतीत तं एकरूपच दिसून राह्यले ना मॅडम," ते म्हणाले. "डोये उघडून पाहा."

महिनाभर जो माणूस मला सांगत होता की चित्रावर भरवसा ठेवू नका, तो आता चित्रापाठी लपत होता. मला हसू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. आयुष्यभर फळ्यावर त्रिकोण काढलेल्या या गृहस्थांनी एकदाही कंपास उघडून पाहिलं नव्हतं की तिथे दोन बसतात. मी म्हटलं, "चला हेडसरांकडे."

ऑफिसात मी माझ्याबरोबर खिडकीजवळच्या मुलीला नेलं. तिने हेडसरांच्या टेबलावरच, काचेवर पत्रिका ठेवून, आठची रेघ मारली, तीस अंशाचा किरण काढला, पाचचा कंस फिरवला. दोन्ही त्रिकोण काढून कापले. मोजले. आठ, पाच, तीस. आठ, पाच, तीस. मग लांबट त्रिकोणावर खुजा ठेवला. अर्ध्याहून जास्त लांबट त्रिकोण खालून उघडा राहिला. तिने कैची टेबलावर ठेवली आणि मागे सरकून उभी राहिली.

हेडसरांनी दोन्ही तुकडे हातात घेतले. उलटसुलट केले. एकदा पालथा घालूनही पाहिला, मला त्या क्षणी त्यांचं कौतुक वाटलं. सर खिडकीबाहेर पाहत होते.

"तू जाय बाई वर्गात," हेडसर मुलीला म्हणाले. ती गेली. मग त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला. चहा आल्यावर ते म्हणाले, "असं करू. दोन्ही उत्तरं बरोबर धरू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे कसं सर?"

"ज्यायनं बाकोबा लेहलं त्यायलेही चार, ज्यायनं सांगता येत नाई लेहलं त्यायलेही चार. दोनी तुकड्या बराबर. तुमची आठवी तुमच्यापाशीच रायते. फक्त एक करा. तुमी आन सर, दोघंही दोनी वर्गात जाऊन सांगा की दोनी बरोबर हाय. पोट्ट्यायमदे कटकट नको. गावात चर्चा नको."

सर लगेच म्हणाले, "माही हरकत नाई." कशी असेल? आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चूक न मानता सुटका मिळत होती.

"सर," मी हेडसरांना म्हटलं, "हे दोन तुकडे तुमच्या हातात आहेत. एकतर ते जुळतात किंवा नाही जुळत. दोन्ही कसं असेल?"

"मॅडम, हे तुमचं गनित झालं. मी शाळा चालवून राह्यलो."

आयुष्यात मी पुष्कळ फालतू वाक्यं ऐकली, पण एवढं प्रामाणिक फालतू वाक्य ऐकलं नाही. त्रिकोणाचा वाद त्यांनी शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या वादासारखा मिटवला, दोघांना अर्धी अर्धी हातभर जमीन. त्यांच्या टेबलावर उभं राहून सत्याने भजन केलं असतं तरी त्यांनी त्याला बसायला खुर्ची आणि अर्धा कप चहा दिला असता.

मी म्हटलं, "सरांनी 'ब' मध्ये जाऊन सांगावं की प्रश्न चुकला. गुण कोणाचे कापू नका, काही करू नका. पण दोन्ही बरोबर असं मी पोरांसमोर म्हणणार नाही."

"मंग आठवी सोडा लागन," हेडसर म्हणाले. रागाने नाही, वाईट वाटून. "तुमीच चाचनीले हो म्हनलं होतं."

"सोडते," मी म्हणाले. चहाला हात न लावता मी उठले. जिना चढताना माझी छाती फुगलेली होती. मला वाटत होतं की आज या शाळेत एक तरी माणूस सरळ उभा राहिला. वर्गात जाऊन मी पोरांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. काय सुचवलं गेलं, मी काय नाकारलं, आणि सोमवारपासून सर त्यांना शिकवतील. मी बोलताना बहुतेक आवाज चढवला असेल. चुकीला बरोबर म्हणायला मी तयार नाही, असं काहीतरी म्हणाले. पोरं टाळ्या वाजवतील असं मला वाटलं होतं, हे आता लिहायला लाज वाटत नाही.

कोणी टाळी वाजवली नाही. वर्ग माझ्याकडे पाहत बसला. पत्र्यापलीकडून खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता. मग खिडकीजवळची मुलगी उठली. कधी हात वर न करणारी.

"मॅडम, तुमी आमाले येऊन दोनी बरोबर म्हनलं असतं तं आमी काही मानलं असतं का?"

ती थांबली नाही.

"आमी तं सोता कापून पाह्यलं. आमाले मालूम हाय ना. तुमी कायबी म्हनलं असतं तरी आमाले मालूमच रायलं असतं. मंग तुमी काहून सोडलं आमाले?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही. मी तिला "बस खाली" म्हणाले, मला वाटतं जोरात म्हणाले. ती बसली. मी खडू ठेवला, रजिस्टर उचललं आणि तास संपायच्या आधीच वर्गाबाहेर आले.

आता मी पाचवीला परिसर अभ्यास शिकवते. उद्या हेडसर पुन्हा तेच म्हणाले, तर मी पुन्हा नाहीच म्हणेन, हे मला पक्कं माहीत आहे. पण त्या मुलीसमोर उभं राहून हे सांगायची हिंमत माझ्यात नाही. ती व्हरांड्यात समोरून आली की मी आधी स्टाफरूमकडे वळते.